तिमाही जीएसटी विवरणपत्र: बावीस तारखेच्या आधी करायची कामं

बहुतेक छोट्या व्यापाऱ्यांच्या डोक्यात जीएसटीची एकच तारीख असते, 22. एकोणीस-वीसला बिलांची पिशवी कर सल्लागाराच्या टेबलावर जाते, एकवीसला फोन येतो, "शेठ, एवढे भरा", आणि बावीसला कसंबसं काम उरकतं. भरायचा आकडा मोठा का आला, हे त्या दिवशी कुणी बघत नाही. बघितलं तरी आता उपाय उरलेला नसतो, कारण तो आकडा तिमाही संपल्यावर पहिल्या चौदा दिवसांतच ठरून गेलेला असतो. बावीस तारखेला फक्त पैसे भरायचे असतात.

हा लेख नोंदणीकृत, नियमित योजनेतल्या आणि वर्षाची उलाढाल 5 कोटींच्या आत असलेल्या दुकानदारासाठी आहे. अशा दुकानदाराला तीन महिन्यांतून एकदा विवरणपत्र आणि दरमहा भरणा ही सोय घेता येते. व्यापारात तिला क्यूआरएमपी म्हणतात. कंपोझिशनवाल्यांचं गणित निराळं आहे. व्यापाऱ्याला विक्रीवर 1 टक्का, तिमाहीनंतर 18 तारखेपर्यंत भरणा, वर्षाचं विवरणपत्र 30 जूनपर्यंत आणि खरेदीच्या कराची वजावट नाही. त्यांचा विषय इथेच सोडू.

उदाहरणाला तालुक्याच्या गावातलं एक हार्डवेअरचं दुकान घेऊ. सिमेंट, रंग, पाइप, नळ असा माल, आणि हिशेब सोपा राहावा म्हणून सगळा 18 टक्क्यांचा धरू. तिमाही ऑक्टोबर ते डिसेंबर.

तारखा

तिमाहीत सहा तारखा येतात. ऑक्टोबरच्या विक्रीपैकी जी बिलं नोंदणीकृत गिऱ्हाइकांना, म्हणजे ठेकेदारांना किंवा दुसऱ्या दुकानदारांना दिली, ती 13 नोव्हेंबरपर्यंत आयएफएफ या सुविधेतून चढवता येतात. ऑक्टोबरच्या कराचा भरणा 25 नोव्हेंबरपर्यंत करायचा. नोव्हेंबरच्या बिलांना 13 डिसेंबर आणि भरण्याला 25 डिसेंबर. मग पूर्ण तिमाहीचं विक्रीचं विवरणपत्र, जीएसटीआर-1, 13 जानेवारीपर्यंत. शेवटी कराचं विवरणपत्र, जीएसटीआर-3बी, महाराष्ट्रात आणि गोव्यात 22 जानेवारीपर्यंत. काही राज्यांत ही शेवटची तारीख 24 आहे. त्यामुळे दिल्लीचा ठोक व्यापारी "अजून दोन दिवस आहेत" म्हणाला, तर ते त्याच्यापुरतं खरं असतं.

आयएफएफ भरणं सक्तीचं नाही. पण तुमच्याकडून महिन्याला लाखाचा माल नेणाऱ्या ठेकेदाराला त्याची वजावट तीन महिने मिळाली नाही, तर तो पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जाईल. किरकोळ गिऱ्हाइकांची विक्री आयएफएफमध्ये जातच नाही, ती तिमाहीच्या शेवटी एकदम दाखवायची.

25 तारखेच्या भरण्याला दोन रस्ते आहेत. पोर्टलवर चलन काढताना कारण म्हणून `Monthly payment for quarterly return` निवडलं की पुढे विचारणा होते. `35% Challan` घेतलं, तर मागच्या तिमाहीत रोखीने भरलेल्या कराच्या 35 टक्के रक्कम आपोआप येते. दुसऱ्या रस्त्याने त्या महिन्याचा खरा हिशेब करून रक्कम स्वतः टाकायची. आपल्या दुकानाने मागच्या तिमाहीत 50,000 रुपये रोख भरले होते, म्हणून ऑक्टोबरसाठी 17,500 आणि नोव्हेंबरसाठी 17,500. दिवाळीमुळे ऑक्टोबरचा खरा कर यापेक्षा जास्त निघाला तरी चालतं. ही रक्कम वेळेत भरली असेल, तर राहिलेल्या फरकावर 22 जानेवारीपर्यंत व्याज लागत नाही. स्वतः हिशेब करणाऱ्याने मात्र कमी भरलं, तर व्याज लागतं. म्हणून ज्याचं रोजचं हिशेबाचं काम पक्कं नाही, त्याने 35 टक्क्यांचाच रस्ता धरावा. एक सवलत लक्षात ठेवा: रोख खात्यात किंवा वजावटीच्या खात्यात त्या महिन्याच्या कराला पुरेल इतकी शिल्लक असेल, तर चलन भरायची गरजच नाही.

बिलबुक आणि रोजचा गल्ला

विक्रीच्या बिलाचा क्रमांक हा सगळ्या नोंदींचा कणा. तो जास्तीत जास्त 16 अक्षरांचा असावा. त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं, आणि आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. `HW/25-26/0001` असा क्रम पुरतो. 1 एप्रिलला नवी मालिका सुरू करा. रद्द झालेलं बिल फाडून टाकू नका, दोन्ही प्रती आडवी रेघ मारून जागेवर ठेवा. जीएसटीआर-1 मध्ये शेवटी एक तक्ता असतो. त्यात पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक, एकूण बिलं आणि रद्द बिलं विचारतात. 1 ते 640 क्रमांक दाखवले, पण बेरीज 637 बिलांचीच निघाली आणि रद्द बिलांपुढे शून्य लिहिलं, तर ती तीन बिलं कुठे गेली, या प्रश्नाला तोंडी उत्तर पुरत नाही.

200 रुपयांच्या आतली विक्री, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि तो बिल मागत नसेल, तर प्रत्येक वेळी बिल फाडायची गरज नाही. पण दिवसाच्या शेवटी अशा सगळ्या विक्रीचं एक एकत्रित बिल करावंच लागतं. हे एकत्रित बिल राहून जातं आणि मग खिळे-स्क्रूची विक्री हिशेबातच येत नाही. उलट, नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचं बिल 50,000 किंवा त्याहून जास्त असेल, तर त्याचं नाव, पत्ता आणि राज्य बिलावर हवं.

गल्ल्याच्या विक्रीवर कर काढताना एक चूक वारंवार होते. समजा दिवसभरात काउंटरवर 11,800 रुपये जमले. हे पैसे करासकट आहेत. मूळ किंमत 10,000 आणि कर 1,800. हिशेब असा करायचा:

```
कर = एकूण रक्कम × 18 ÷ 118
11,800 × 18 ÷ 118 = 1,800
```

कुणी 11,800 वरच 18 टक्के लावले, तर कर 2,124 होतो. दिवसाला 324 रुपये खिशातून गेले, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण जास्त कर भरल्याची नोटीस कधी येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. महिन्याची करपात्र विक्री आणि त्यावरचा कर यांची बेरीज गल्ला, बँक आणि उधारी यांच्या बेरजेशी जुळली पाहिजे. बेरीज त्याहून जास्त निघत असेल, तर करासकट रकमेवर पुन्हा कर लागलाय.

22 सप्टेंबर 2025 पासून दर बदलले, तेव्हा सिमेंट 28 टक्क्यांवरून 18 वर आलं. ज्यांच्या संगणकात मालाच्या यादीतला जुना दर तसाच राहिला, त्यांची बिलं 28 ने निघत राहिली. गिऱ्हाइकाकडून कर म्हणून जे घेतलं ते सरकारला भरावंच लागतं, "चुकून घेतलं" म्हणून ठेवून घेता येत नाही. दर बदलला की त्याच दिवशी एक चाचणी बिल काढून बघा. माल जुना असला तरी विक्रीला नवाच दर, आणि खरेदीवर भरलेल्या 28 टक्क्यांची वजावट मात्र तशीच राहते.

उधारीचा मुद्दा हार्डवेअरवाल्यांना जास्त लागतो. ठेकेदाराला डिसेंबरमध्ये 2 लाखांचा माल दिला, तो पैसे मार्चमध्ये देणार, तरी त्यावरचे 36,000 जानेवारीतच भरायचे. बिल फाडलं की कर लागला, पैसे आले की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून बरेच जण माल कच्च्या चिठ्ठीवर देतात आणि पैसे आल्यावर पक्कं बिल करतात. हे बेकायदा तर आहेच, शिवाय दुकानातला माल आणि कागदावरचा माल यांचा मेळ बसत नाही. तपासणीला आलेला अधिकारी पहिल्यांदा गोदामातल्या गोण्याच मोजतो. त्यापेक्षा उधारीचा भाव ठरवतानाच त्यात कराचा आगाऊ बोजा धरा.

खरेदीच्या बिलांसाठी महिन्याची एक फाइल पुरे. पण बिल आल्याबरोबर तीन गोष्टी बघायच्या: आपला जीएसटी क्रमांक पंधराच्या पंधरा अक्षरं बरोबर आहे का, कर सीजीएसटी-एसजीएसटी असा लागलाय की आयजीएसटी, आणि तो प्रत्यक्षात बरोबर आहे का. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याकडून महाराष्ट्रात आलेल्या मालावर आयजीएसटी लागलेला असेल, तर बिल त्याच दिवशी परत पाठवा. तीन महिन्यांनी तो व्यापारी बिल बदलून द्यायला तयार होत नाही.

ही सगळी कागदपत्रं किती दिवस ठेवायची? त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने. 2025-26 च्या बिलांसाठी ती मुदत 31 डिसेंबर 2026, म्हणजे बिलं 31 डिसेंबर 2032 पर्यंत. 2 कोटींच्या आतल्या व्यापाऱ्याला वार्षिक विवरणपत्रातून सूट मिळत आली आहे. तरी कागद ठेवण्याची मुदत त्याच तारखेपासून मोजायची. वादाचं प्रकरण चालू असेल, तर ते संपल्यानंतरही वर्षभर ठेवावी लागतात. उष्णतेने छापलेल्या पावत्यांचा मजकूर वर्षभरात उडतो, त्यांचा मोबाइलवर फोटो काढून महिन्याच्या नावाने ठेवा.

14 तारीख: खरेदीचा मेळ

पुरवठादारांनी आपापल्या विवरणपत्रात तुमच्या नावावर जी बिलं चढवली, त्यांची यादी म्हणजे जीएसटीआर-2बी. तिमाहीवाल्यांना ती तिमाही संपल्यावर 14 तारखेला तयार मिळते. वजावट या यादीत असलेल्या बिलांचीच मिळते. तुमच्या हातात पक्कं बिल आहे, माल आलाय, पैसेही दिलेत, तरी 2बी मध्ये ते बिल नसेल तर वजावट नाही.

आपल्या दुकानाची तिमाहीची खरेदी 15,00,000. त्यातला 4,00,000 चा माल अहमदाबादहून आला, त्यावर आयजीएसटी 72,000. उरलेला 11,00,000 चा माल महाराष्ट्रातला, त्यावर सीजीएसटी 99,000 आणि एसजीएसटी 99,000. एकूण 2,70,000 ची वजावट दुकानदाराच्या डोक्यात आहे. 14 जानेवारीला 2बी उघडली, तर तिथे 2,52,000 च दिसतात. 18,000 कमी.

फरक सापडायला खरेदीची यादी पुरवठादारानुसार लावायची, बिलानुसार नाही. म्हणजे पन्नास-साठ बिलांऐवजी दहा-बारा नावं जुळवायची असतात आणि फरक कुठल्या नावावर आहे ते लगेच कळतं. इथे एका पाइपवाल्याचं 1,00,000 चं बिल गायब आहे. कारण चारपैकी एक असतं. त्याने जीएसटीआर-1 भरलंच नाही किंवा मुदतीनंतर भरलं. किंवा तुमचा क्रमांक टाकताना एक अक्षर चुकलं आणि तुमची वजावट दुसऱ्याच कुणाला गेली. किंवा त्याने हे बिल किरकोळ विक्रीत घातलं. किंवा बिल डिसेंबरचं आहे, पण त्याने ते जानेवारीत धरलं.

पहिलं कारण आहे की नाही, हे त्याला न विचारताही कळतं. पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये त्याचा जीएसटी क्रमांक टाका आणि खाली विवरणपत्रांचा तक्ता उघडा. त्याने कुठल्या महिन्याचं विवरणपत्र कुठल्या तारखेला भरलं, ते सगळं तिथे दिसतं. डिसेंबरची ओळच नसेल, तर त्याने भरलेलं नाही. ओळ असेल, तर चूक बिलात आहे आणि फोन करून बिल क्रमांक सांगावा लागेल. नव्या पुरवठादाराशी पहिला मोठा व्यवहार करण्याआधीही हा तक्ता बघावा. वर्षभर उशिराने भरणाऱ्याकडून स्वस्तात घेतलेला माल शेवटी महाग पडतो.

आता या 18,000 चं काय? ते या तिमाहीत घ्यायचे नाहीत. पुरवठादाराने पुढे बिल चढवलं की ते पुढच्या 2बी मध्ये येईल, तेव्हा घ्यायचे. दुकानदारांना हे जड जातं आणि ते सल्लागाराला "आत्ताच धरा, तो भरणारच आहे" म्हणतात. 2बी पेक्षा जास्त वजावट घेतली की पोर्टलला फरक आपोआप दिसतो आणि विचारणा येते. पुरवठादाराकडे पैसे अडकलेले असताना त्याच्याकडून काम करून घेण्याचा सरळ उपाय म्हणजे बिलाची मूळ रक्कम द्यायची आणि कराचे 18,000 बिल 2बी मध्ये दिसल्यावर द्यायचे. ठोक बाजारात आता ही रीत बरीच रुळली आहे.

2बी मध्ये आलं म्हणून प्रत्येक बिल घ्यायचं असंही नाही. न घेतलेल्या मालाचं बिल तुमच्या नावावर आलं असेल, तर पोर्टलवरच्या आयएमएस या भागात ते नाकारता येतं. तिथे काहीच केलं नाही, तर बिल मान्य धरलं जातं. पण नीट बघून नाकारा, कारण खरं बिल चुकून नाकारलंत तर वजावट जाईल आणि पुरवठादाराशी वाद होईल. माल अजून वाटेत असेल, तर त्याची वजावटही माल हातात आल्यावरच.

आणखी एक बारीक गोष्ट, जी दुकानदाराला कुणी सांगत नाही. दुकानाच्या मागे गोदाम बांधायला स्वतःच्याच साठ्यातलं सिमेंट वापरलं, तर त्या सिमेंटवर घेतलेली वजावट परत करावी लागते. स्वतःच्या वापरासाठी बांधलेल्या इमारतीच्या मालाची वजावट मिळत नाही, मग ती इमारत धंद्यासाठीच का असेना. घरी नेलेल्या रंगाच्या डब्याचंही तेच. साठ्याच्या वहीत त्या दिवशी "घरी नेलं, 4 डबे" एवढं लिहून ठेवलं, तर तिमाहीच्या शेवटी आठवावं लागत नाही.

गाळ्याचं भाडं

10 ऑक्टोबर 2024 पासून एक नियम लागू आहे. दुकानाचा मालक जीएसटीत नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर भाड्यावरचा 18 टक्के कर भाडेकरूने भरायचा. कंपोझिशनवाल्यांना यातून वगळलं आहे. नगरपालिकेच्या गाळ्यालाही भाडेकरूनेच कर भरण्याचा नियम आहे, आणि तो आधीपासूनच आहे.

आपल्या दुकानाचं भाडं महिन्याला 10,000, तिमाहीचं 30,000. त्यावर सीजीएसटी 2,700 आणि एसजीएसटी 2,700. हा कर रोखीनेच भरायचा, वजावटीच्या खात्यातून नाही. पण भरला की त्याच विवरणपत्रात त्याची वजावट घेता येते, म्हणजे शेवटी खिशातून काहीच जात नाही. "मग दाखवायचं कशाला?" असं बरेच जण म्हणतात आणि सोडून देतात. न दाखवल्यास 5,400 ची मागणी व्याज आणि दंडासह येते आणि तोवर वजावटीची मुदतही निघून गेलेली असू शकते. भाड्याचं बिल मालक देत नाही, म्हणून दरमहा स्वतःच स्वतःच्या नावाने बिल बनवायचं. मालकाचं नाव, पत्ता, भाड्याचा महिना, रक्कम, कर आणि तुमची सही, एवढं त्यात असावं. ते भाड्याच्या महिन्यानंतर 30 दिवसांत बनवा.

13 ते 22: शेवटचे नऊ दिवस

जीएसटीआर-1 मध्ये ठेकेदारांची बिलं एकेक जातात. किरकोळ विक्री दरानुसार आणि राज्यानुसार एकत्र जाते. मालाचे एचएसएन क्रमांक किमान चार आकडी लागतात, सिमेंटला 2523, प्लास्टिक पाइपला 3917. नोंदणीकृत आणि किरकोळ गिऱ्हाइकांचा एचएसएन तक्ता आता वेगवेगळा भरावा लागतो. भरल्यावर लगेच गोषवारा उतरवून घ्या आणि विक्रीच्या वहीच्या बेरजेशी जुळवा. हे लगेचच करायला हवं, कारण जुलै 2025 च्या कालावधीपासून 3बी मध्ये विक्रीवरच्या कराचा आकडा जीएसटीआर-1 मधून थेट येतो आणि तिथे तो बदलता येत नाही. पूर्वी 3बी मध्ये आकडा हाताने सुधारायची सवय होती, ती आता उपयोगाची नाही. चूक सापडली, तर जीएसटीआर-1ए या फॉर्ममधून ती सुधारायची. तो जीएसटीआर-1 भरल्यानंतर 3बी भरेपर्यंतच खुला असतो आणि तिमाहीत एकदाच वापरता येतो. गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक चुकला असेल, तर मात्र दुरुस्ती पुढच्या विवरणपत्रातच होते.

आता आपल्या दुकानाचा हिशेब. तिमाहीची विक्री 18,00,000, त्यावर सीजीएसटी 1,62,000 आणि एसजीएसटी 1,62,000. वजावट: 2बी मधून आयजीएसटी 72,000, सीजीएसटी 90,000, एसजीएसटी 90,000. भाड्याची 2,700 आणि 2,700. आयजीएसटीची वजावट आधी वापरावी लागते आणि ती दोन्हीकडे हवी तशी वाटता येते. इथे निम्मी-निम्मी वाटू. सीजीएसटीची वजावट एसजीएसटीला चालत नाही, उलटही नाही.

```
                       सीजीएसटी     एसजीएसटी
विक्रीवरचा कर            1,62,000     1,62,000
आयजीएसटीची वजावट          36,000       36,000
स्वतःची वजावट             92,700       92,700
उरलेला कर                33,300       33,300
भाड्यावरचा कर             2,700        2,700
एकूण रोख                 36,000       36,000
आधीच्या दोन चलनांतून      17,500       17,500
आता भरायचे               18,500       18,500
```

म्हणजे 37,000. पोर्टल वाटणी स्वतः सुचवतं, पण ती तशीच स्वीकारू नका. त्याने आयजीएसटीचे 72,000 सगळे एकाच बाजूला लावले, तर एका खात्यात रोख पडून राहते आणि दुसऱ्यात पुन्हा चलन भरावं लागतं. चलन चुकीच्या खात्यात भरलं गेलं, तर पीएमटी-09 ने ते रोख खात्यातल्या रोख खात्यात हलवता येतं, पैसे बुडत नाहीत. चलन भरल्यावर रक्कम रोख खात्यात नुसती जमा होते. `File GSTR-3B with EVC` दाबून ओटीपी टाकेपर्यंत विवरणपत्र भरलं गेलेलं नसतं. "चलन भरलं म्हणजे झालं" समजून राहिलेले दुकानदार दर तिमाहीला सापडतात. पावती क्रमांक, म्हणजे एआरएन, हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

उशीर झाला तर काय? मागच्या वर्षीची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल, तर दिवसाला 50 रुपये, जास्तीत जास्त 2,000. विक्री आणि कर दोन्ही शून्य असलेल्या तिमाहीला दिवसाला 20, जास्तीत जास्त 500. याशिवाय राहिलेल्या रोख करावर वर्षाला 18 टक्के व्याज. 37,000 भरायला 20 दिवस उशीर झाला, तर 1,000 रुपये विलंब शुल्क आणि 365 रुपये व्याज. रक्कम लहान वाटते. पण मागचं 3बी भरल्याशिवाय पुढचं जीएसटीआर-1 उघडत नाही, म्हणजे ठेकेदारांची वजावट अडते. सलग दोन तिमाह्या चुकल्या, तर नोंदणी रद्द करण्याची नोटीस येऊ शकते. दुकान तिमाहीभर बंद होतं, विक्रीच नव्हती, तरी शून्याचं विवरणपत्र भरावंच लागतं. आजारपणात किंवा लग्नसराईत हेच राहून जातं.

वर्षातून दोनदा बघायच्या गोष्टी

पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्या बिलाची वजावट व्याजासह परत करावी लागते. पैसे दिल्यावर ती पुन्हा घेता येते. उधारीच्या खतावणीत सहा महिन्यांपलीकडची नावं मार्च आणि सप्टेंबरमध्ये काढून बघा.

राहिलेली वजावट घ्यायची कायद्यातली शेवटची तारीख पुढच्या वर्षाचा 30 नोव्हेंबर. 2025-26 च्या बिलांसाठी 30 नोव्हेंबर 2026. तिमाहीवाल्यांची इथे फसगत होते. ऑक्टोबर-डिसेंबरचं विवरणपत्र जानेवारीत भरलं जातं, तोवर ही तारीख उलटून गेलेली असते. म्हणजे शेवटची संधी जुलै-सप्टेंबरच्या विवरणपत्रात, आणि त्याची मुदत 22 ऑक्टोबर. आपल्या पाइपवाल्याचे 18,000 तोपर्यंत 2बी मध्ये आले नाहीत, तर ते गेले.

आयकर विवरणपत्र भरताना चारही तिमाह्यांची करविरहित विक्री जोडून तीच उलाढाल म्हणून दाखवा. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात जीएसटीतली उलाढाल आधीच दिसत असते. जीएसटीत 70 लाख आणि आयकरात 55 लाख, असा फरक संगणकच पकडतो.

आणि पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे, हे आजच बघा. सल्लागाराचा असेल, तर नोटीस त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला कळेपर्यंत उत्तराची मुदत संपलेली असते. नोंदणीच्या दुरुस्तीत तो स्वतःचा करून घ्या. महिन्यातून एकदा `View Additional Notices/Orders` हे पानही स्वतः उघडून बघा, कारण काही नोटिसा फक्त तिथेच दिसतात.